व्हिडिओतून पोर्ट्रेटसाठी स्पष्ट फ्रेम कशा काढायच्या

प्रश्न: मी हौसेने पोर्ट्रेट रंगवतो. एका गृहस्थांचं चित्र करायचं आहे, ते आता हयात नाहीत. घरच्यांकडे धड फोटो नाही, फक्त मोबाईलवर घेतलेला ४० सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यात ते खुर्चीत बसून बोलतायत, मध्येच मान वळवतात. मी पॉज करून स्क्रीनशॉट घेतो, पण दर वेळी डोळे धूसर येतात आणि रंगही फिके पडतात. यातून रंगवण्याजोगं काही निघेल का? कसं काढायचं?

उत्तर: निघेल. ४० सेकंदांच्या क्लिपमध्ये साधारण १२०० फ्रेम असतात आणि तुम्हाला लागतील चार-पाच. अडचण अशी की पॉजचं बटण आपण दाबतो ते भाव छान दिसला म्हणून, आणि भाव छान दिसतो तेव्हा चेहरा बहुधा हलत असतो. स्पष्ट फ्रेम सापडतात त्या हालचाल थांबते त्या क्षणी. त्यामुळे १२०० फ्रेम चाळत बसू नका. माणूस कुठे कुठे थांबला ते आधी शोधा आणि तेवढेच तुकडे बाहेर काढा.

त्याआधी फाईल कुठली आहे ते बघा. घरच्यांनी ती मेसेजिंग ॲपवरून पाठवली असेल तर तुमच्याकडे मूळ क्लिप नाहीच, तिची दाबून लहान केलेली प्रत आहे. ज्या फोनवर शूट केलं त्याच फोनमधून केबलने, नाहीतर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली फाईल मागवा. फरक आकारावरून लगेच कळतो. आजकालच्या फोनवरची १०८० पिक्सेलची ४० सेकंदांची मूळ क्लिप सहसा काही दहा एमबींची असते, ॲपमधून आलेली त्याच्या मानाने अगदीच किरकोळ. दाबलेल्या प्रतीत कातडीचा पोत आणि पापण्यांचे केस हेच आधी जातात, आणि एकदा गेले की कुठल्याही युक्तीने परत येत नाहीत. एवढ्या एका कामासाठी घरच्यांना दोनदा फोन करावा लागला तरी करा.

मूळ फाईल हाती आली की तिच्या पोटात काय आहे ते `ffprobe` ला विचारा. हे `ffmpeg` या आज्ञा टाइप करून चालवायच्या व्हिडिओ-प्रोग्रामसोबतच मिळतं आणि फुकट आहे.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,width,height,pix_fmt,color_transfer,avg_frame_rate -of default=nw=1 clip.mov
```

उत्तरात सहा ओळी येतील. त्यातली `color_transfer` ही ओळ तुमच्या फिक्या रंगांचं कोडं बहुतेक सोडवेल. तिथे `bt709` असेल तर क्लिप साधी आहे. `arib-std-b67` किंवा `smpte2084` असेल तर ती एचडीआर आहे, म्हणजे उजेड-अंधाराची नेहमीपेक्षा मोठी पट्टी साठवणारी. बऱ्याच नव्या फोनवर हे आपोआप चालू असतं, शूट करणाऱ्याला पत्ताही नसतो. एचडीआर क्लिपमधले आकडे वेगळ्या मापाने लिहिलेले असतात. ते साध्या चित्राच्या मापाने वाचले की कातडी राखाडी, निर्जीव दिसते. अशा फ्रेमचा ‘कॉन्ट्रास्ट’ हाताने वाढवून काही साधत नाही. रंग गडद होतात, पण गालाची लाली आणि कपाळाचा पिवळसरपणा यांचं आपसातलं नातं बिघडलेलंच राहतं, आणि पोर्ट्रेट करणाऱ्याला हवं असतं नेमकं तेच. रूपांतर फ्रेम काढतानाच करायचं, ती आज्ञा खाली देतो.

आणि स्क्रीनशॉट घेणं बंद करा. स्क्रीनशॉटमध्ये येतं ते तुमच्या पडद्यावरचं चित्र, म्हणजे खिडकीच्या मापात लहान-मोठं केलेलं आणि प्लेअरने आपल्या पद्धतीने रंगवलेलं. ४के क्लिप लहान पडद्यावर लावून स्क्रीनशॉट घेतला तर तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त पिक्सेल तिथेच टाकून दिलेले असतात.

आता धूसरपणाकडे येतो. इथे थोडा हिशोब करू, म्हणजे पुढचं सगळं आपसूक समजेल.

समजा क्लिपमध्ये चेहऱ्याची रुंदी ४०० पिक्सेल आहे. मोठ्या माणसाचा चेहरा गालफडांपाशी साधारण १४ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम तीन पिक्सेल पडले. बुबुळ सुमारे १२ मिलिमीटरचं, म्हणजे ३४ पिक्सेल. त्यात चमकणारा प्रकाशाचा ठिपका चार-पाच पिक्सेलचा. आता त्या गृहस्थांनी दीड सेकंदात मान ९० अंशांतून वळवली असं धरा. हा वेग सेकंदाला ६० अंश, म्हणजे जवळपास एक रेडियन. नाकाचं टोक मानेच्या अक्षापासून अंदाजे २५० पिक्सेलवर आहे, आणि एका रेडियनमध्ये टोक अक्षापासूनच्या अंतराइतकंच सरकतं, तेव्हा ते कॅमेऱ्यासमोरून जाताना सेकंदाला जवळपास २५० पिक्सेल सरकतं. घरातल्या उजेडात फोनचा शटर पुष्कळदा एका फ्रेमसाठी १/३० सेकंद उघडा असतो. तेवढ्या वेळात नाक आठ पिक्सेल सरकलं. डोळे अक्षाला थोडे जवळ असल्यामुळे जरा कमी सरकतात, पण चार-पाच पिक्सेलचा चमकता ठिपका पुसून टाकायला तेवढं पुरतं. पापण्यांचं तर नावच नको. तेच शूटिंग उन्हात झालं असतं आणि शटर १/२५० चा असता, तर नाक फक्त एक पिक्सेल सरकलं असतं.

शटर आता आपल्या हातात नाही, जे शूट झालं ते झालं. वेग मात्र क्षणाक्षणाला बदलत असतो, आणि मान वळायला लागण्याआधी व वळून पोचल्यावर तो शून्य असतो. वळण्याच्या दोन्ही टोकांशी दोन-चार तरी फ्रेम अशा मिळतात, ज्यांत १/३० चा शटरही पुरतो.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती पोर्ट्रेटवाल्यांच्या फार कामाची आहे. मान वळताना चेहऱ्याचे सगळे भाग सारखे धूसर होत नाहीत. जो भाग कॅमेऱ्याच्या समोर आहे तो आडवा सरकतो, म्हणून तो सर्वांत जास्त फिसकटतो. जो भाग कडेला आहे तो कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा उलट दिशेने जातो, आडवा जवळजवळ सरकतच नाही. म्हणजे चेहरा पूर्ण बाजूला आलेला असतो त्या क्षणी कान वाहून गेलेला दिसेल, पण कपाळ, नाक, ओठ, हनुवटी ही बाह्यरेषा बऱ्यापैकी कोरीव असेल. अशी फ्रेम बघून लोक ‘हललीये’ म्हणून टाकून देतात. टाकू नका. नाकाचा उंचवटा आणि हनुवटीचा उतार यांच्यासाठी तीच फ्रेम ठेवा, कान दुसरीकडून घ्या.

थांबण्याच्या जागा शोधायला `mpv` हा प्लेअर वापरा.

```
mpv --osd-fractions clip.mov
```

यात टिंब `.` दाबलं की एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविराम `,` दाबला की एक फ्रेम मागे जाता येतं. `o` दाबलं की वेळ सेकंदाच्या अंशांसकट दिसते. पहिल्या वेळी मात्र एकेक फ्रेम करत जाऊ नका. क्लिप सलग चालवा आणि आवाजाकडे लक्ष द्या. बोलणारा माणूस थांबतो कुठे, तर प्रश्न ऐकताना, उत्तर द्यायच्या आधी आणि वाक्य संपल्यावर. समोरचा बोलत असतो तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा बहुधा सर्वांत स्थिर असतो, आणि भावही खरा असतो. वाक्याच्या अधेमधे तोंड कुठल्या तरी अक्षरात अडकलेलं असतं, आणि तसं तोंड रंगवलं की माणूस चमत्कारिक दिसतो. अगदीच बोलता बोलताची फ्रेम घ्यायची वेळ आली तर प, ब, म यांच्यापाशी ओठ मिटतात तिथे थांबून बघा. पण तेव्हाही ओठ दाबलेले असतात, सैल मिटलेले नसतात, हे रंगवताना लक्षात ठेवा.

उघडझाप हा दुसरा सापळा. पापणी एकदा मिटून उघडायला साधारण ०.१ ते ०.४ सेकंद लागतो, म्हणजे तीन ते बारा फ्रेम. पूर्ण मिटलेला डोळा आपल्याला लगेच कळतो. फसवतो तो अर्धा उघडलेला. त्यात पापणीची रेषा खरी वाटते, माणूस जरा दमलेला दिसतो, आणि आपण तोच त्याचा स्वभाव समजून रंगवतो. म्हणून निवडलेल्या फ्रेमच्या मागच्या-पुढच्या दहा फ्रेम बघा आणि पापणी एकाच जागी टिकून आहे ना याची खात्री करा.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. माझ्याकडे आलेल्या एका क्लिपमध्ये एक वयस्क बाई खिडकीपाशी बसल्या आहेत, उजेड डावीकडून, क्लिप एचडीआर, सेकंदाला ३० फ्रेम. नुसतं ऐकून मी चार जागा टिपल्या. सहाव्या सेकंदाला त्यांना काहीतरी विचारलं जातं आणि त्या ऐकतात, चेहरा समोर. बाराव्या सेकंदाला दारातून कुणी हाक मारतं, मान तिकडे वळते आणि तेराव्याला थांबते, चेहरा पूर्ण बाजूने. सतराव्याला परत येताना त्या मध्येच थबकतात, तीन-चतुर्थांश कोन. आणि अगदी शेवटी हसतात. या चार जागांचे दोन-दोन सेकंद मी काढले. पहिला असा:

```
mkdir frames
ffmpeg -ss 5.5 -i clip.mov -t 2 -fps_mode passthrough -vf "zscale=t=linear:npl=100,format=gbrpf32le,zscale=p=bt709,tonemap=hable:desat=0,zscale=t=bt709:m=bt709:r=tv,format=yuv444p" frames/a_%04d.png
```

क्लिप साधी असेल तर `-vf` पासून अवतरण संपेपर्यंतचा सगळा भाग काढून टाका. `-fps_mode passthrough` मात्र ठेवा. फोन सेकंदाला बरोबर ३० फ्रेम घेतातच असं नाही, उजेड कमी झाला की मधल्या काही गाळतात. हे लिहिलं नाही तर गाळलेल्यांच्या जागी आधीचीच फ्रेम पुन्हा भरली जाते आणि तुम्ही एकच चित्र दोनदा तपासत बसता. `ffmpeg` ची आवृत्ती ५.१ च्या आधीची असेल तर त्याऐवजी `-vsync 0` लिहा. `zscale` ओळखत नाही अशी तक्रार आली तर तुमच्याकडचा `ffmpeg` त्या भागाशिवाय बनवलेला आहे, पूर्ण बांधणीचा उतरवून घ्या. फाईल पीएनजीच ठेवा. क्लिप एकदा दाबली गेलीच आहे, जेपेग करून पुन्हा कशाला दाबायची?

‘की-फ्रेम’ तेवढ्या काढा, त्या सर्वांत स्पष्ट असतात, असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो अर्धाच खरा आहे. की-फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली असते, म्हणून दाबण्यामुळे होणारं नुकसान तिच्यात बहुधा कमी असतं. पण ती कधी पडावी हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवणारी यंत्रणा, ठरवतो, पुष्कळदा ठराविक अंतराने. माणूस तेव्हा हलत होता की थांबला होता याचं त्याला सोयरसुतक नसतं. उत्तम साठवलेली हललेली फ्रेम ही हललेलीच फ्रेम.

एका तुकड्यात साठेक फ्रेम झाल्या. डोळ्यांनी चाळता येतात, पण शेजारशेजारच्या फ्रेममधला बारीक फरक थोड्या वेळाने दिसेनासा होतो, म्हणून मी आधी यंत्राकडून क्रम लावून घेतो. लाप्लासियन हे शेजारच्या पिक्सेलमधला उजेड किती झपाट्याने बदलतो ते मोजणारं गणित. चित्रात कडा जितक्या तीव्र तितका त्याच्या आकड्यांचा व्हेरियन्स, म्हणजे विखुरलेपणा, जास्त, एवढंच यामागचं तत्त्व. पायथन आणि त्याची ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी असली की पुरे:

```python
import cv2, glob

x, y, w, h = 620, 410, 300, 110   # दोन्ही डोळ्यांची पट्टी
rows = []
for p in glob.glob("frames/a_*.png"):
    g = cv2.imread(p, cv2.IMREAD_GRAYSCALE)[y:y+h, x:x+w]
    g = cv2.GaussianBlur(g, (3, 3), 0)
    rows.append((cv2.Laplacian(g, cv2.CV_64F).var(), p))
for s, p in sorted(rows, reverse=True)[:10]:
    print(round(s, 1), p)
```

चौकटीचे आकडे कुठल्याही चित्र-संपादकात एक फ्रेम उघडून, डोळ्यांभोवती चौकट आखून घ्या. सगळी फ्रेम मोजायला दिलीत तर मागच्या पडद्याची नक्षी आणि शर्टाच्या रेघाच जिंकतात, चेहरा बाजूलाच राहतो.

या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा? एकाच तुकड्यात, एकाच कोनात, एकाच उजेडात असेपर्यंत बराच. त्यापलीकडे अजिबात नाही. त्या बाईंच्या समोरच्या तुकड्यात आकडे ४० पासून ९५ पर्यंत पसरले होते, आणि ८५ च्या वरच्या फ्रेम खरोखरच चांगल्या होत्या. बाजूच्या तुकड्यात मात्र सर्वांत चांगल्या फ्रेमचा आकडा ५० च्या आसपास होता, कारण तिथे एकच डोळा दिसतो, म्हणजे कडाच कमी. हे दोन तुकडे एकत्र करून क्रम लावला असता तर पहिल्या वीसही फ्रेम समोरूनच्या आल्या असत्या आणि बाजूचा चेहरा हाती लागलाच नसता. शेवटच्या तुकड्यात याच्या उलट झालं. त्या हसून मागे रेलल्या, चेहरा सावलीत गेला आणि फोनने उजेड कृत्रिमपणे वाढवला. त्यामुळे चित्रात दाणे आले. दाणा म्हणजे बारीकशी कडाच, म्हणून आकडे १२० च्या वर गेले आणि फ्रेम बघावी तर पिठूळ. कोडमध्ये लाप्लासियनच्या आधी चित्र किंचित मऊ करणारं गाउसियन ब्लर ठेवलं आहे ते याचसाठी, पण दाट दाण्यापुढे त्याचंही चालत नाही. म्हणून यंत्राने वर आणलेल्या दहा फ्रेम शंभर टक्के झूमवर डोळ्यांनी बघायच्याच.

बघायचं काय, तर बुबुळातला तो चमकता ठिपका. माझ्या अनुभवात चेहऱ्यावर याच्याइतका सच्चा साक्षीदार दुसरा नाही. ठिपका गोल किंवा खिडकीच्या आकाराचा आणि टोकदार असेल तर फ्रेम चांगली. त्याची बारीक रेघ झाली असेल तर हालचाल आहे, आणि रेघेच्या दिशेवरून ती कशाची हेही कळतं. मागची भिंत, दाराची चौकट यांच्या कडाही त्याच दिशेने फिसकटल्या असतील तर कॅमेरा हलला. त्या जागच्या जागी असतील तर माणूस हलला. ठिपका रेघ न होता सगळीकडून फुगलेला, मऊ गोळा झाला असेल तर फोकस चुकला आहे. अशा वेळी कान किंवा खांद्यावरची शिवण बघा. ती कोरीव असेल तर फोनने फोकस मागे धरला होता आणि थोड्या वेळाने तो सुधारलेला असेल, तेव्हा अर्धा-एक सेकंद पुढे जाऊन बघा. फोकस शोधताना फोन जरा मागेपुढे करतो आणि पार्श्वभूमी किंचित लहान-मोठी होते. ती स्थिरावली की पुढच्या फ्रेम भरवशाच्या.

चौथा प्रकार सर्वांत फसवा. ठिपका आहे, पापणीची रेषा आहे, ओठांची कड आहे, पण गाल आणि कपाळ मेणाचे. हे हलणं नव्हे आणि फोकसही नव्हे, हे दाबणं आहे. कोडेकला वाटलं की कातडीच्या पोताला किंमत नाही, म्हणून त्याने तो गाळला. जाड कडा राहिल्या आणि बारकावे गेले. अशा फ्रेमवर ‘शार्पन’ चालवण्याचा मोह होतो. माझं मत विचाराल तर रेफरन्सच्या फ्रेमवर ते चालवूच नये. शार्पन केल्यावर कडेच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला काळी किनार उमटते. रंगवताना तुम्ही ती जबड्याखालचा परावर्तित प्रकाश समजून रंगवाल. जो प्रकाश त्या खोलीत नव्हता तो चित्रात येईल, आणि काय खटकतंय ते कुणालाच सांगता येणार नाही.

पोत परत मिळवायचा तर तो शेजारच्या फ्रेममध्ये शोधा. स्थिर तुकड्यातल्या चार-पाच फ्रेम एकावर एक ठेवून आलटून पालटून बघा. गालावरचा तीळ, भुवईतला व्रण, डोळ्याच्या कोपऱ्यातली सुरकुती सगळ्या फ्रेममध्ये त्याच जागी असेल तर ती खरी. एकाच फ्रेममध्ये दिसून पुढच्यात नाहीशी झाली तर ती कोडेकची किंवा दाण्याची करामत. वृद्ध माणसाच्या चेहऱ्यावर ही तपासणी चुकवू नका, नाहीतर नसलेल्या सुरकुत्या रंगवून बसाल.

चेहरा खरोखर स्थिर असेल तर त्या फ्रेमची सरासरीही काढता येते. इमेजमॅजिक हा चित्रांवर काम करणारा प्रोग्राम असेल तर एका ओळीचं काम आहे:

```
magick frames/a_0021.png frames/a_0022.png frames/a_0023.png frames/a_0024.png -evaluate-sequence mean avg.png
```

चार फ्रेमच्या सरासरीत दाणा तत्त्वतः निम्मा होतो. प्रत्यक्षात तेवढा होत नाही, कारण दाबलेल्या क्लिपमधला दाणा एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये थोडा उतरलेला असतो. तरी कातडीचे रंग लक्षात येण्याइतके शांत होतात. चमकता ठिपका सरासरीनंतर पसरला तर चेहरा हलत होता असं समजा. मग फ्रेम कमी करा किंवा सरासरीचा नाद सोडा. मी स्वतः सरासरीची फ्रेम रंगासाठी वापरतो आणि एकेरी फ्रेम रेषेसाठी. दोन्ही शेजारी उघड्या ठेवतो.

त्या बाईंच्या क्लिपमधून शेवटी काय उरलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या अपेक्षाही ठरतील. समोरून एक उत्तम फ्रेम आणि तिच्या शेजारच्या चारांची सरासरी. तीन-चतुर्थांश कोनातली एक फ्रेम, डोळे चांगले पण ओठ किंचित हललेले. बाजूच्या दोन: मान थांबल्यावरची एक, जिच्यात कान नीट आहे, आणि त्याच्या तीन फ्रेम आधीची एक, जिच्यात कान वाहून गेलाय पण भाव सैल आहे आणि नाक-ओठांची रेषा सुंदर. हसण्याची एकही नाही, सावलीत सगळं गेलं. चित्र तीन-चतुर्थांश कोनात केलं, ओठ समोरच्या फ्रेमवरून समजून घेऊन त्या कोनात बसवले.

असं जुळवताना एक पथ्य पाळा. दोन फ्रेममध्ये माणूस कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असेल तरच एकीतलं माप दुसरीत न्या. फोनची लेन्स रुंद कोनाची असते. माणूस हातभर अंतरावर असेल तर नाक मोठं आणि कान लहान, मागे सरकलेले दिसतात. तोच माणूस दोन मीटरवर गेला की चेहरा सपाट, रुंद होतो. पुढे झुकून बोलताना घेतलेल्या फ्रेममधलं नाक मागे रेललेल्या चेहऱ्यावर बसवलं तर प्रत्येक भाग बरोबर असूनही माणूस ओळखू येत नाही. दोन फ्रेममध्ये पर्याय असेल तर तो लांब आणि चौकटीच्या मध्यावर आहे ती घ्या. चौकटीच्या कडेला रुंद लेन्स चेहरा बाहेरच्या बाजूला ताणते.

उरला रंग. एचडीआरचं रूपांतर नीट झालं तरी व्हिडिओच्या रंगाला एक मर्यादा आहे. फोनच्या क्लिपमध्ये उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा साठवतात, पण रंग चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एकच. बुबुळ ३४ पिक्सेलचं असलं तरी त्याचा रंग रुंदीत जेमतेम १७ ठिपक्यांमध्ये लिहिलेला असतो, आणि त्यातलेही काही पापणीच्या सावलीत बुडालेले. ओठांची लाली कातडीवर एखादा पिक्सेल सांडलेली दिसते तीही त्यामुळेच. म्हणून ओठांची कड रंगावरून काढू नका. फ्रेमची कृष्णधवल प्रत करून तिच्यावरून काढा, ती प्रत नेहमीच जास्त कोरीव असते. आणि डोळ्यांचा रंग घारा होता, पिंगट होता की काळा, हे फ्रेमवरून ठरवू नका. ते घरच्यांनाच विचारा.